कळणार नाही कशावरून?

बायकोशिवाय दुसरीशी एकदा संबंध आलेल्या एकानं लिहिलंय: "एकदाच घडलं, तिला कधीच कळणार नाही. मग सांगून कशाला दुखवायचं?"

दिवस गेले की पहिल्याच तपासणीत बायकोच्या रक्ताची एचआयव्ही आणि गरमीची चाचणी होते. सोलापुरातच ओळखीतल्या एकाचं बिंग त्या रिपोर्टनंच फुटलं. त्याची बायको एवढंच म्हणाली, "तपासून घे, एवढं तरी सांगायचं होतंत."

म्हणून आधी सिव्हिलच्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही तपासणी केंद्रात जा. एचआयव्ही तपासणी फुकट, माहिती गुप्त. गरमीच्या चाचणीचंही विचारा. मात्र त्या प्रसंगाला तीन महिने व्हायच्या आतला निगेटिव्ह रिपोर्ट पक्का धरू नका, तोवर निरोध वापरा. "आता हे कशाला?" असं तिनं विचारलं, तर थाप मारू नका. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर सांगायलाच हवं. निगेटिव्ह आला, तर मन हलकं करायला म्हणून मी तरी सांगणार नाही.