योनीत गेलेला कॅथेटर लगेच काढू नका

"बाईला कॅथेटर घालताना तो चुकून योनीत गेला, तर तोच काढून पुन्हा घालायचा का?"

नाही, तो आता निर्जंतुक राहिलेला नाही. पण लगेच काढूही नका. तिथेच असू द्या, म्हणजे दुसरा त्याच वाटेने जात नाही. मूत्रद्वार त्याच्या वर सापडतं. नवा कॅथेटर उघडून द्यायला मदतनीस हवा, कारण भगोष्ठ उघडून धरलेला हात सोडायचा नाही. तो हात त्वचेला लागला तेव्हाच अशुद्ध झाला, त्यामुळे कॅथेटरला फक्त दुसरा हात लागू दे. मध्येच भगोष्ठ मिटले तर पुन्हा पुसा, वरून खाली, दर वेळी नवा बोळा.

लघवी दिसली की घाईने फुगा भरू नका, इथेच बरेच जण चुकतात. आणखी ३ ते ५ सेंमी आत सरकवा आणि कॅथेटरवर लिहिलंय तेवढंच निर्जंतुक पाणी भरा. भरताना ती कळवळली तर थांबा, पाणी काढून घ्या; फुगा बहुधा मूत्रमार्गातच आहे. सगळं नीट बसलं की मग पहिला कॅथेटर काढा. पिशवी मूत्राशयाच्या खाली लटकवा, जमिनीला टेकू देऊ नका. आणि कॅथेटरची गरज अजून आहे का, हे रोज विचारा. जितके दिवस तो आत, तितका संसर्गाचा धोका वाढतो.