मदत हवी आहे : करारांतील नोटिशीची मुदत कोणत्या रकान्यांत ठेवावी?

ठाण्यातील आमच्या कार्यालयात लिव्ह अँड लायसन्स, देखभाल आणि पुरवठ्याच्या करारांतील माहिती काढून एकाच डेटाबेसमध्ये भरण्याचे काम चालू आहे. एका करारात नोटिशीची मुदत ‘एक महिना’, दुसऱ्यात ‘30 दिवस’ असते, तर तिसऱ्यात उल्लेखच नसतो. महिन्याचे सरसकट 30 दिवस केल्यास 31 जानेवारीच्या नोटिशीची अखेर फेब्रुवारीऐवजी मार्चमध्ये जाते; म्हणून `notice_value` (पूर्णांक) आणि `notice_unit` (`day` किंवा `month`) असे दोन रकाने ठेवले आहेत. उल्लेख नसल्यास `NULL` भरतो, कारण शून्याचा अर्थ ‘नोटिशीची गरज नाही’ असा होईल.

मात्र लॉक-इन असल्यास मालक आणि भाडेकरू यांच्या मुदती वेगळ्या निघतात. त्यासाठी प्रत्येक पक्षाची स्वतंत्र ओळ असलेले वेगळे टेबल करावे, असे मला वाटते. पण ज्या करारांत दोघांना एकच मुदत आहे, तिथे दोन ओळी भराव्यात, की `party` रकान्यात `both` लिहावे? अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.