मदत हवी आहे: जाहिरातीचं बजेट तीन पद्धतींनी काढलं, तीन वेगळी उत्तरं आली

मृणाल_एमएमएस

नमस्कार मंडळी. पुढच्या आठवड्यात मार्केटिंग मॅनेजमेंटचा पेपर आहे. सरावासाठी दिलेल्या एका केसवर अडले आहे. कंपनी काल्पनिक आहे, आकडेही पेपर काढणाऱ्याचेच.

चहा पावडरची कंपनी. गेल्या वर्षी विक्री २० कोटी, यंदा अपेक्षित २४ कोटी. बाजार २०० कोटींचा, म्हणजे आपला हिस्सा १०%. या धंद्यात विक्रीच्या सरासरी ४% जाहिरातीवर जातात. सगळ्या बाजारात मिळून वर्षाला १२ कोटींची जाहिरात होते. कंपनी यंदा आल्याचा चहा आणतेय. वर्षअखेर १.६ लाख घरं त्याची नेहमीची गिऱ्हाइकं व्हायला हवीत. लक्ष्य ४० लाख घरं. ज्यांना चहा माहीत होतो त्यांतले २०% तो एकदा घेऊन बघतात, घेऊन बघणाऱ्यांतले ४०% टिकतात. १% घरांना माहिती होण्यासाठी ३० जीआरपी लागतात (जीआरपी म्हणजे जाहिरात किती टक्के घरांना किती वेळा दिसली याचं माप), एका जीआरपीला १०,००० रुपये. शिवाय ५ लाख नमुना पुड्या, प्रत्येकी ४ रुपये.

माझी उत्तरं: पर्सेंटेज ऑफ सेल्सने २४ कोटींचे ४%, म्हणजे ९६ लाख. कॉम्पिटिटिव्ह पॅरिटीने, बाजारात जेवढा हिस्सा तेवढाच जाहिरातीत धरून, १२ कोटींचे १०%, म्हणजे १ कोटी २० लाख. ऑब्जेक्टिव्ह अँड टास्कसाठी उलटं मोजत गेले. १.६ लाख टिकायचे तर ४ लाखांनी घेऊन बघायला हवं, त्यासाठी २० लाख घरांना माहीत हवं, म्हणजे लक्ष्यातली ५०%. ५० गुणिले ३० म्हणजे १,५०० जीआरपी, त्याचे दीड कोटी. पुड्यांचे २० लाख धरून १ कोटी ७० लाख.

शेवटी विचारलंय, "तिन्ही पद्धतींची तुलना करून योग्य बजेट सुचवा. (१० गुण)". ऑब्जेक्टिव्ह अँड टास्क सर्वांत शास्त्रीय, असं सरांनी लिहून दिलंय. मग १.७० कोटी लिहून मोकळी होऊ का? आणि तसं असेल तर बाकीच्या दोन पद्धती काढायच्या कशाला?

रोहन_पुणे

हो, सरळ १.७० कोटी लिही. पर्सेंटेजवाल्या पद्धतीत गोष्टच उलटी आहे. जाहिरातीमुळे विक्री व्हायला हवी, इथे विक्रीवरून जाहिरात ठरते. मंदीत विक्री घटली की नेमकी गरज असताना जाहिरातही घटते. पॅरिटी म्हणजे दुसऱ्याच्या वहीतून कॉपी, त्यालाही उत्तर येतंय की नाही कुणास ठाऊक. दोन्ही जुनाट आहेत, आजकाल कुणी वापरत नाही. मागच्या वर्षी एवढंच लिहून मला १० पैकी ७ मिळाले.

पेढेवाले_सातारा

आजकाल कुणी वापरत नाही म्हणता, मग आम्ही काय करतो? आमचं मिठाईचं दुकान आहे. दिवाळीनंतर हिशेब होतो, जे उरतं त्यातून पुढच्या लग्नसराईची जाहिरात. त्याला टक्केवारी नाही आणि उद्दिष्टही नाही. मध्ये एकदा समोरच्या दुकानदाराने स्टँडवर होर्डिंग लावलं. वडील म्हणाले, आपलंही लागलं पाहिजे. आम्ही लावलं, मग त्याने दोन लावली, मग आम्हीही दोन. हंगाम संपल्यावर दोघांचा पेढा तेवढाच खपला, पैसे होर्डिंगवाल्याने कमावले.

मृणालताई, तुमच्या पेपरात 'उरेल तेवढं' ही पद्धत नाही का?

मृणाल_एमएमएस

आहे काका, अफोर्डेबल मेथड म्हणतात तिला. या केसमध्ये विचारलेली नाही. पण होर्डिंगचा किस्सा वापरते, चालेल ना? पॅरिटीचा फायदा म्हणून आमच्या नोट्समध्ये "जाहिरातयुद्ध टळते" असं लिहिलंय आणि तुमच्याकडे तर पॅरिटीमुळेच युद्ध पेटलं!

जुना_प्लॅनर

माझं आयुष्य मीडिया प्लॅनिंगमध्ये गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मृणाल, तुमचा गुणाकार-भागाकार बरोबर आहे. पण तुम्ही ज्यांची तुलना करताय ते तीन आकडे एकाच गोष्टीचे नाहीत. ९६ लाख आणि १.२० कोटी ही अख्ख्या कंपनीची बजेटं आहेत. १.७० कोटी फक्त आल्याच्या चहाचे आहेत. २० कोटींचा जुना चहा आहे, त्याची जाहिरात यंदा बंद ठेवणार का? केसमध्ये त्याबद्दल काहीच नाही, म्हणून गृहीत धरून तसं स्पष्ट लिहायचं. गेल्या वर्षी ४% च्या हिशेबाने ८० लाख लागले असतील आणि जुना चहा आहे तिथे टिकवायला तेवढेच लागतील असं धरलं, तर कामावरून निघणारं पूर्ण बजेट २.५० कोटी होतं. ते २४ कोटींच्या १० टक्क्यांहून जास्त आहे. परीक्षकाने डोळे विस्फारावेत असा आकडा हा आहे, १.७० नव्हे.

आता रोहन, तुमचं अर्धं पटतं. पर्सेंटेजमध्ये कार्यकारणभाव उलटा होतो हे खरं. पण या केसमध्ये तो दोष नुसता सांगायचा नाही, दाखवता येतो. २४ कोटी आले कुठून? विक्री ४ कोटींनी वाढणार ती प्रामुख्याने नव्या चहामुळे. म्हणजे तो चहा चालेल असं धरून २४ कोटी मांडले आणि त्यावरून ९६ लाख काढले. तो चालायला मात्र १.७० कोटी लागतात. ९६ लाखांतून जुन्या चहाचे ८० लाख वजा केले तर नव्यासाठी १६ लाख उरतात. पुड्यांचेच २० लाख आहेत! ज्या विक्रीवर टक्केवारी लावली, ती विक्री त्या बजेटात होणारच नाही. हे दोन ओळींत लिहा, पाठ केलेल्या दोषांच्या यादीपेक्षा भारी पडेल.

टास्क पद्धतीची खरी अडचण त्या साखळीतल्या टक्क्यांत आहे. २०% घेऊन बघतील हे कुणी सांगितलं? ते १५% निघाले तर ४ लाखांसाठी सुमारे २६.७ लाख घरांना माहिती हवी, म्हणजे ६६.७%. जीआरपी २,००० होतात, जाहिरात २ कोटी आणि पुड्यांसह नव्या चहाचा खर्च २.२० कोटी. एक टक्केवारी थोडी हलली आणि ५० लाख वाढले. शिवाय प्रत्येक १% माहितीला ३० जीआरपी हा दरही सरळ रेषेत जात नाही. पहिली ३०-४०% घरं पटकन सापडतात. पुढची घरं टीव्ही कमी बघणारी असतात, तिथे तीच जाहिरात आधी बघितलेल्यांनाच पुन्हा पुन्हा दिसत राहते. म्हणून या पद्धतीला शास्त्रीय म्हणताना जपून. साखळीचे टक्के आधीच्या लाँचमधून किंवा एखाद्या जिल्ह्यात चाचणी घेऊन आले असतील तरच ती शास्त्रीय.

आणखी एक गोष्ट मुलं विसरतात. टास्क पद्धत काम किती पैशांत होईल ते सांगते. ते काम त्या पैशांच्या लायकीचं आहे का, हे तिला विचारलेलंच नसतं. समजा एक घर महिन्याला एक पुडा घेतं आणि पुड्यामागे कंपनीला जाहिरातीआधी १२ रुपये सुटतात. घरामागे वर्षाला १४४ रुपये, १.६ लाख घरांचे २.३० कोटी. पण ही घरं पहिल्या दिवशी येत नाहीत, वर्षभरात हळूहळू येतात. सरासरी निम्मी धरली तर पहिल्या वर्षी १.१५ कोटी. खर्च १.७० कोटी. म्हणजे पहिल्या वर्षी ५५ लाखांची खोट, ती दुसऱ्या वर्षी भरून निघेल, गिऱ्हाईक टिकलं तर. त्यातली काही घरं आपलाच जुना चहा सोडून इकडे आली असतील तर हिशेब आणखी बिघडतो. हे १२ रुपये माझे, पेपरात नाहीत. पण असा पडताळा हवा, एवढं जरूर लिहा.

अर्थशास्त्र_मास्तर

टक्केवारीच्या बाजूने कुणीतरी बोलायला हवं. डॉर्फमन आणि स्टायनर या अर्थशास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये दाखवलं की नफा जास्तीत जास्त हवा असेल तर जाहिरात आणि विक्री यांचं प्रमाण हे जाहिरातीची लवचिकता भागिले किमतीची लवचिकता एवढं असावं. जाहिरात १% वाढवल्यावर विक्री ०.१% वाढत असेल आणि किंमत १% वाढवल्यावर २% घटत असेल, तर प्रमाण ०.१ भागिले २, म्हणजे ५%. या लवचिकता फारशा बदलत नसतील तर दरवर्षी विक्रीच्या ठरावीक टक्के खर्च करणं हेच योग्य ठरतं. जुन्या, स्थिरावलेल्या चहाला ४% ही पद्धत म्हणूनच वाईट नाही. जुनाट वगैरे म्हणू नये.

जुना_प्लॅनर

मास्तर, मान्य, पण केसमधले ४% लवचिकतेतून आलेले नाहीत, ते धंद्याची सरासरी आहेत. टाटा, हिंदुस्तान युनिलिव्हर आणि तालुक्याचा चहावाला यांची सरासरी आपल्या कंपनीला का लागू पडावी? आणि नव्या चहाची लवचिकता कुणालाच माहीत नाही.

अर्थशास्त्र_मास्तर

नव्यासाठी तुमचं मान्य. जुन्यासाठी मी माझ्या मतावर ठाम आहे. आणि तुम्ही स्वतः जुन्या चहाला ८० लाख कुठून काढले? ४ टक्क्यांनीच की!

रोहन_पुणे

मग पॅरिटीचं काय करायचं? पूर्ण कचऱ्यात?

जुना_प्लॅनर

(मास्तर, तिथे पकडलंत.)

रोहन, कचऱ्यात नको. ती बजेट ठरवायला कच्ची असली तरी पडताळ्याला चांगली. बाजार-संशोधन करणाऱ्या नील्सन कंपनीच्या पेकहॅम यांचा एक जुना ठोकताळा आहे: नव्या ब्रँडला जेवढा बाजारहिस्सा हवा, त्याच्या साधारण दीडपट हिस्सा एकूण जाहिरातीत असावा. इथे १२ कोटींत आपले गेल्या वर्षीचे ८० लाख धरलेत असं समजू, म्हणजे इतरांचे ११.२० कोटी. आपण २.५० टाकले तर एकूण १३.७० आणि आपला आवाज, म्हणजे एकूण जाहिरातीतला हिस्सा, सुमारे १८%. बाजार २०० कोटींचाच राहिला तर २४ कोटी म्हणजे १२% हिस्सा. बाराचे दीडपट अठरा. ठोकताळा नव्या ब्रँडचा आहे आणि आपण तो अख्ख्या कंपनीला लावतोय, म्हणून फार भुलू नका. पण २.५० कोटी हा आकडा अगदीच हवेतला नाही, एवढं म्हणता येतं. इतर कंपन्या गप्प बसतील हेही यात धरलंय, आणि त्या बसत नाहीत. साताऱ्याच्या काकांना विचारा.

मृणाल_एमएमएस

पॅरिटीत एक शंका आली. १२ कोटींत आपला खर्च आहे असं धरलं आणि आपण ८० लाखांवरून १.२० कोटींवर गेलो, तर एकूणही १२.४० होतं. मग आपला हिस्सा १०% राहत नाही, थोडा कमी होतो. नेमके १०% हवे असतील तर क्ष भागिले (११.२० अधिक क्ष) बरोबर ०.१ सोडवून १.२४ कोटी येतात. १२ कोटी फक्त इतरांचे असतील तर १.३३ कोटी. पेपरात नेमकं कुठलं धरायचं?

रोहन_पुणे

आमच्या वर्गात सगळ्यांनी १.२० च लिहिलं होतं, गुण मिळाले.

जुना_प्लॅनर

१.२० लिहा आणि खाली "१२ कोटींत आपला खर्च समाविष्ट असून एकूण खर्च स्थिर धरला" अशी ओळ टाका. केसमध्ये स्पष्ट नाही, तर परीक्षक दुसरं काही धरून बसला असेल तरी गृहीतक दिसल्यावर गुण कापायला जड जातं.

मृणाल_एमएमएस

आता मांडणी अशी करतेय: आधी जुना आणि नवा चहा वेगळे. जुन्याला टक्केवारीने ८० लाख, नव्याला टास्कने १.७०, मिळून २.५०, मग आवाजाच्या हिश्शाने पडताळा आणि शेवटी २०% चे १५% झाले तर काय, एवढंच. फक्त पुड्यांचे २० लाख जाहिरात बजेटात धरायचे की सेल्स प्रमोशनमध्ये वेगळे दाखवायचे?

अर्थशास्त्र_मास्तर

वेगळे. पुडी वाटणं म्हणजे जाहिरात नव्हे.

जुना_प्लॅनर

एकत्र धरा. प्रश्नात "बजेट सुचवा" म्हटलंय, "जाहिरात बजेट" असं म्हटलेलं नाही. आणि पुड्या काढल्या तर घेऊन बघणारे २०% राहतील का, हा प्रश्न आलाच.

पेढेवाले_सातारा

आम्ही चाखायला दिलेला पेढा कुठल्याच खात्यात धरत नाही.