स्लाईडवरून रिकाम्या जागांचं हँडआउट
"स्लाईडमधले शब्द काढून रिकाम्या जागा केल्या, पण पोरं पडद्यावरून नुसतं उतरवून घेतात. काय करू?"

शब्द नका काढू हो, हिशोबाची जागा रिकामी सोडा. मी ग्लायकोलिसिस, म्हणजे पेशीत ग्लुकोज फुटण्याची क्रिया, शिकवताना आधी "ही क्रिया ____ मध्ये होते" असंच द्यायचे, पेशीद्रव लिहिलं की पोरं मोकळी. आता सगळ्या पायऱ्यांची आकृती छापूनच देते आणि फक्त एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, कुठे खर्च होतो, कुठे तयार होतो त्या बाणांशेजारी जागा सोडते, खाली निव्वळ किती ते. 2 खर्च, 4 तयार, निव्वळ 2. पण ग्लुकोज फुटून तीन कार्बनचे दोन रेणू होतात, म्हणजे पुढचं सगळं दोनदा होतं, हे ज्याच्या लक्षात येत नाही त्याचं उत्तर शून्य येतं, वर्गात नुसती चक्कर मारली तरी कळतं कोण कुठे अडकलंय.

आणि स्लाईडची डुप्लिकेट करा, पहिलीवर उत्तरं नकोत, दोनेक मिनिटं थांबून मगच भरलेली दाखवा, नाहीतर परत उतरवणंच होणार. जागा सगळ्या सारख्याच लांबीच्या ठेवा, लांबीवरून पोरं शब्द ओळखतात.