‘एकांचा पूरक’ पण ‘दोनचा पूरक’: एक अनेकवचनी, दुसरा एकवचनी का?

शंकासूर
संगणकात ऋण संख्या कशा लिहितात यावरच्या एका पाठाचं भाषांतर करतोय. वन्स कॉम्प्लिमेंटला मी ‘एकचा पूरक’ आणि टूज कॉम्प्लिमेंटला ‘दोनचा पूरक’ असं लिहिलं होतं. तपासणाऱ्याने पहिल्याचं ‘एकांचा पूरक’ केलं आणि दुसरा तसाच ठेवला. मला ही नजरचूक वाटते. दोन्हीकडे एकच प्रत्यय नको का? आणि मुळात ‘पूरक’ हा शब्द बरोबर आहे का? (दशमान आकडे देवनागरीत आणि बिट इंग्रजी अंकांत लिहूया, म्हणजे गोंधळ होणार नाही.)

कोटिकोन
मी भूमिती शिकवते. शाळेच्या पुस्तकात कॉम्प्लिमेंटरी कोनांना ‘कोटिकोन’ म्हणतात, त्यांची बेरीज ९०. ‘पूरक कोन’ म्हणजे सप्लिमेंटरी, बेरीज १८०. त्यामुळे तुमचं ‘पूरक’ चूकच आहे, ‘कोटी’ हवं.

जुना बिटकरी
बाई, कोनांपुरतं तुमचं बरोबर आहे. पण संचाच्या कॉम्प्लिमेंटला आपण ‘पूरक संच’च म्हणतो ना? ‘पूरक’ म्हणजे उरलेलं भरून काढणारा. मग प्रश्न राहतो तो एवढाच, की भरून काय होतं? शंकासूर, तुमच्या प्रत्ययाचं उत्तर तिथेच आहे.

चार बिट घ्या. ३ म्हणजे 0011. त्यात किती मिळवलं की चारही घरांत एक दिसतील, म्हणजे 1111 होईल? 1100. हा झाला ‘एकांचा’ पूरक, एकांच्या सबंध रांगेपर्यंत नेणारा. रांगेत चार एक आहेत, म्हणून अनेकवचन. आता तेच ३ आणखी एक पाऊल पुढे, 10000 म्हणजे १६ पर्यंत न्या. १३ लागतात, म्हणजे 1101. १६ हा दोनचा एक घात, एकटाच. म्हणून ‘दोनचा’. तपासणाऱ्याला शब्द कळला होता! इंग्रजीतही काटेकोर लिहिणारे या दोन नावांत अपॉस्ट्रॉफी वेगवेगळ्या जागी देतात, पण बहुतेक जण काही तो पाळत नाहीत.

झटपट
एवढं कशाला? बिट उलटे करा की एकांचा पूरक, वर १ मिळवा की दोनचा. उदाहरणार्थ ५ दोनच्या पूरकात 1011. आणि पल्ला या दोन्हींत आणि चिन्ह-परिमाणात, म्हणजे तिन्ही पद्धतींत −७ ते +७. झालं.

जुना बिटकरी
कृती बरोबर, वाक्य चुकीचं. ‘५ चा दोनचा पूरक काढा’ म्हटलं तर 1011. ‘५ दोनच्या पूरक पद्धतीत लिहा’ म्हटलं तर 0101, कारण धन संख्या तिन्ही पद्धतींत सारख्याच दिसतात. 1011 म्हणजे −५. एकच शब्द क्रियेलाही वापरतात आणि लिहिण्याच्या पद्धतीलाही, आणि परीक्षेत मुलं इथेच घसरतात. शंकासूर, भाषांतरात ‘पद्धत’ हा शब्द जोडायला विसरू नका.

पल्ल्याचंही तसंच. चार बिटांत १६ रचना होतात. चिन्ह-परिमाण पद्धतीत पहिला बिट चिन्हाचा, बाकीचे तीन आकड्याचे. तिथे 0000 शून्य आणि 1000 हेही शून्यच, फक्त ऋण. एकांच्या पूरकात 0000 आणि 1111 अशी दोन शून्यं. सोळा रचना खर्चून आकडे पंधरा, म्हणून −७ ते +७. दोनच्या पूरकात 0000 उलटवून 1111, त्यात १ मिळवला की 10000. पाचवा बिट मावत नाही, गळून पडतो आणि पुन्हा 0000. शून्य एकच राहिलं, म्हणून 1000 मोकळं झालं. पहिला बिट १ असल्याने ते ऋणात जातं, म्हणजे −८. पल्ला −८ ते +७.

शंकासूर
दोन शून्यं असली तर बिघडतं काय? दोन्हींची किंमत शून्यच ना?

जुना बिटकरी
किंमत शून्य, पण रूप वेगळं. एकांच्या पूरकात ३ + (−३) करा: 0011 आणि 1100, बेरीज 1111. आता ‘उत्तर शून्य आहे का?’ हे चारही बिट ० आहेत का एवढंच पाहून ठरवलं, तर ‘नाही’ येईल. म्हणजे प्रत्येक तुलनेत दोन रूपं तपासा, नाहीतर बेरीज करणाऱ्या मंडलातच ऋण शून्य येऊ नये अशी सोय करा.

दुसरी कटकट हातच्याची. ५ + (−३): 0101 अधिक 1100 म्हणजे 10001. पाचवा बिट टाकला तर 0001 उरतं, उत्तर १, चूक. इथे ‘पूर्ण’ १५ आहे आणि आपण टाकले १६, म्हणजे एक जास्त गेला. तो हातचा शेवटच्या घरात परत मिळवायचा: 0010, म्हणजे २. दोनच्या पूरकात पूर्णच १६, म्हणून 0101 अधिक 1101 म्हणजे 10010, पाचवा बिट बिनधास्त टाका, 0010. चिन्ह-परिमाणात 0101 अधिक 1011 सरळ केलं तर 10000, म्हणजे चार बिटांत शून्य! तिथे आधी चिन्हं बघून बेरीज की वजाबाकी ते ठरवावं लागतं.

सोल्डरवाला
माझंच रडगाणं गातो. एका सेन्सरच्या चिपमध्ये दुरुस्तीचा आकडा चार बिटांत यायचा. पहिला बिट चिन्हाचा म्हणून मी उरलेल्या तिघांपुढे वजा लावायचो. −४ घालून पाहिलं, −४ आलं. खूश! प्रत्यक्षात आकडा १, ०, आणि मग एकदम −७, −६, −५ असा जायला लागला. दोन दिवस वायरिंग तपासत बसलो.

जुना बिटकरी
नेमकं −४ निवडलंत! 1100 दोन्ही पद्धतींत −४ च आहे. ऋणातला तेवढा एकच आकडा दोघींत जुळतो. बाकी 1111 म्हणजे −१, तुम्ही वाचलंत −७. शून्याच्या खाली गेल्यावर आकडा उडी मारून उलटा चढायला लागला की हाच घोटाळा समजा. उपाय असा:

```c
int v = n & 0x0F;
if (v & 0x08) v -= 16;
```

झटपट
म्हणजे दोन शून्यं ही निव्वळ चूकच होती म्हणायची.

जुना बिटकरी
चूक नाही, सौदा. १९६४ चं सीडीसी ६६०० एकांच्या पूरकावर चालायचं, त्याच वर्षी जाहीर झालेलं आयबीएम सिस्टिम/३६० दोनच्या. एकांच्या पूरकात ऋण करायला नुसते बिट उलटवले की काम झालं. आणि इंटरनेटवरच्या यूडीपी संदेशांत चूक पकडायला जोडलेला आकडा, म्हणजे चेकसम, अजूनही एकांच्या पूरकानेच काढतात. तिथे सगळे ० म्हणजे ‘चेकसम दिलाच नाही’, म्हणून हिशेबात शून्य आलंच तर सगळे 1 पाठवतात. दुसरं शून्य तिथे कामाला आलं.

दोनच्या पूरकातही फुकट काही नाही. −८ ऋण करून बघा: 1000 उलटवून 0111, अधिक १, परत 1000. +८ ला जागाच नाही. abs(−८) चं उत्तर −८!

कोटिकोन
‘कोटी’ मागे घेते. पण मग ० आणि −८ हे दोघे स्वतःचेच पूरक झाले. त्यांना ‘स्वपूरक’ म्हणायचं का?

जुना बिटकरी
शब्द गोड आहे, पण एक्सेस-३ सारख्या दशमान संकेतांना आधीच ‘स्वपूरक’ म्हणतात, आणि तिथे अर्थ अगदी वेगळा.

शंकासूर
‘एकांचा’ राहू देतो. चिन्ह-परिमाण की चिन्ह-मूल्य यावर मात्र तपासणाऱ्याचं आणि माझं अजून वाजतंय. मला ‘मूल्य’ खटकतं, कारण चिन्हासकट जी किंमत होते तिलाच आपण मूल्य म्हणतो. तुम्ही काय लिहिता?