प्रतिसाद: तिप्पट मागण्याआधी मेहनताना वजा करा

> "वेंगुर्ल्यात दोघांचा काजू कारखाना. भागीदार निवृत्त होतोय, सरासरी नफ्याच्या तिप्पट गुडविल मागतोय. द्यावं का?"

आधी भागीदारी करारात गुडविल, म्हणजे धंद्याच्या नावलौकिकाची किंमत, काढायची पद्धत लिहिली आहे का बघा. असेल तर वाद तिथेच संपला.

नसेल तर समजा, तीन वर्षांचा सरासरी नफा 8 लाख. तिप्पट म्हणजे 24 लाख. पण तुम्ही दोघं दिवसभर कारखान्यात राबता, त्याचा पगार यात धरलाच नाही. तेवढ्या कामाला माणसं ठेवली तर वर्षाला 4 लाख जातील. मग खरा नफा 4 लाख, तिप्पट 12.

आता सुपर प्रॉफिट, म्हणजे रास्त परताव्याच्या वरचा नफा. भांडवल 20 लाख, या धंद्यात 15 टक्के परतावा रास्त धरला तर 3 लाख कोणालाही सुटतात. जास्तीचा 1 लाख, तिप्पट 3 लाख. मला हाच आकडा पटतो, कारण गुडविल या जास्तीच्या नफ्याचंच असतं. त्यातला त्याला फक्त त्याचा हिस्सा. निम्मी भागी असेल तर दीड लाख.

एक मेख आहे. 31 मार्चला, ऐन हंगामात, स्वतःचे पैसे घालून बी भरलेलं असेल तर ताळेबंदात भांडवल 26 लाख दिसेल आणि सुपर प्रॉफिट उरेल जेमतेम 10,000. म्हणून वर्षभराचं सरासरी भांडवल धरा, नाहीतर तो बिचारा फुकट मरेल.