उत्तर: लायबिलिटी क्लॉज कॅपिटलमध्येच हवा का?

> "अमेरिकन क्लायंट आहे, लिमिटेशन ऑफ लायबिलिटीचा क्लॉज अख्खा कॅपिटलमध्ये ठेवावाच लागतो का?"

नाही. तिकडच्या यूसीसी या व्यापारी कायद्यात वॉरंटी नाकारणारा लेखी मजकूर 'कॉन्स्पिक्युअस' हवा असतो, म्हणजे सहज नजरेत भरेल असा, लायबिलिटी क्लॉजला तीच सवय लागलीय. पण २००२ मध्ये बॅसेट केसमध्ये नाइन्थ सर्किट या तिकडच्या अपील कोर्टाने स्पष्ट सांगितलं की कॅप्स लॉक दाबला म्हणजे मजकूर ठळक झाला असं नाही.

मी हेडिंग बोल्ड करते आणि आत फक्त दोन वाक्यं बोल्ड, एक रकमेची मर्यादा सांगणारं आणि एक अप्रत्यक्ष नुकसान वगळणारं, बाकी साधं. सगळंच कॅपिटल केलं की डिफाइन्ड टर्मचं पहिलं कॅपिटल अक्षर हरवतं, मग 'फीज' म्हणजे व्याख्येतली की कुठलीही हे कळतच नाही, आणि मर्यादा तर त्याच शब्दावर मोजायची असते! इटॅलिक केस-नावांपुरतं ठेवा.